"जरा नीट करून पाठव" म्हणजे नक्की काय?

"महापेच्या गोडाऊनचा स्टॉक रिपोर्ट जरा नीट करून पाठव," एवढं बोलून साहेब मीटिंगला गेले, की "नीट म्हणजे कसा?" विचारू नका. "अरे, बघ ना जरा" हेच ऐकायला मिळतं. आपल्याला काय समजलं ते लिहून पाठवा:

"सर, मी असं धरतोय: जूनअखेरचा साठा, फक्त महापे, एक्सेलमध्ये, उद्या चारपर्यंत. दोन गोष्टी राहिल्या:
1) खराब माल वेगळा दाखवू की एकूणात?
2) अकाउंट्सलाही पाठवू का?"

चुकीचं दिसलं की माणूस लगेच दुरुस्त करतो. "रबाळेही घे. खराब वेगळा," एवढं उत्तर लोकलमधल्या गर्दीतूनही येतं. नाहीच आलं, तर काय धरून सुरुवात करताय ते कळवून कामाला लागा. पण माहिती कंपनीबाहेर जाणार असेल, तर फोन करून होकार घ्याच.