आपलाच निबंध आपणच कसा तपासावा: १२५ गुणांचा तक्ता

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण. मराठीतून लिहिणाऱ्यांना सरावाचे निबंध तपासून देणारं माणूस सहज मिळत नाही, म्हणून ते काम स्वतःच करावं लागतं. अडचण अशी की आपलं लिखाण वाचताना डोक्यात जे होतं तेच कागदावर दिसू लागतं.

आयोग गुणांची विभागणी जाहीर करत नाही. पण अभ्यासक्रमात अपेक्षा स्पष्ट लिहिल्या आहेत: विषयाला धरून राहा, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा; नेमक्या आणि परिणामकारक भाषेला गुण मिळतील. त्यावरून मी चार रकाने करते. विषयाशी नातं ४०, मांडणी ३०, पुरावे ३०, भाषा २५. ही विभागणी माझी आहे. तुम्ही बदलू शकता, पण निबंध लिहिण्याआधी. लिहून झाल्यावर बदललात तर नकळत स्वतःच्या सोयीने बदलाल.

आता प्रत्येक रकान्यात तीन टप्पे लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘उत्तम, बरा, कच्चा’ असे शब्द निरुपयोगी आहेत, कारण प्रत्येक जण आपल्या निबंधाला निदान ‘बरा’ म्हणतोच. टप्पा असा हवा की पानावर बोट ठेवून दाखवता येईल. पुराव्यांचा रकाना पाहा:

२२ ते ३०: जवळपास प्रत्येक मुद्द्याला ठोस उदाहरण आहे, आणि ते मुद्दा कसा सिद्ध करतं हे सांगणारं वाक्यही आहे.
१२ ते २१: उदाहरणं आहेत, पण जोडणारं वाक्य बहुतेक ठिकाणी नाही.
० ते ११: नुसती विधानं.

विषयाच्या रकान्यात परिच्छेद मोजा. एखादाच परिच्छेद प्रश्नाबाहेर असेल तर ३२ ते ४०, दोन-तीन असतील तर २० ते ३१, त्याहून जास्त असतील तर २०च्या खाली. मांडणी आणि भाषेचे टप्पेही असेच बेता.

निबंध लिहिल्यावर निदान तीन दिवस वही उघडू नका. मग पेन्सिल घ्या आणि गुण देण्याआधी प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एकच ओळ लिहा: हा परिच्छेद काय सांगतो? डोक्यात काय होतं ते नको, कागदावर जे आहे तेवढंच.

‘पाणीटंचाई निसर्गाची की नियोजनाची?’ या विषयावरचा दहा परिच्छेदांचा एक सराव निबंध घेऊ. समासातल्या ओळी वाचल्या तर दुसरा परिच्छेद ‘पाणी म्हणजे जीवन’, सातवा ‘पाणी वाचवा’, नववा ‘जगभर हवामान बदलतंय’. तिन्ही प्रश्नाला उत्तर देत नाहीत. विषय: २५. चौथा आणि आठवा परिच्छेद अदलाबदल करून पाहिले, काहीच बिघडलं नाही. म्हणजे क्रम ठरवलेलाच नव्हता. मांडणी: १७. पुढे तीन उदाहरणं सापडली. १९७२च्या दुष्काळातली कामं आणि १९७७चा रोजगार हमी कायदा यांचा संबंध नीट जोडला होता. पण २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, एवढंच लिहून लेखक पुढे निघून गेला. ती गाडी नियोजनाबद्दल काय सांगते ते वाक्यच नाही. तिसरं, इस्रायलचं, नुसतं नावापुरतं. पुरावे: १५. भाषा १६. बेरीज ७३. हाच निबंध नुसता वाचून ९० द्यावेसे वाटले होते.

दोन टप्प्यांमध्ये अडलात तर खालचा घ्या. जे पानावर शोधावं लागतं, ते परीक्षकाला दिसेलच असं नाही.

भाषेच्या रकान्यात मात्र स्वतःवर फार विसंबू नका. आपली लांबलचक वाक्यं आपल्याला खटकत नाहीत. निबंध मोठ्याने वाचा आणि जिथे श्वास तुटतो किंवा वाक्य पुन्हा सुरू करावं लागतं तिथे खूण करा. खुणा मोजून गुण द्या. घरात कोणी ऐकायला बसलं तर आणखी चांगलं.

दहा दिवसांनी तोच निबंध आधीचे गुण झाकून, समासातल्या ओळी खोडून पुन्हा तपासा. बेरजेत दहापेक्षा जास्त फरक पडला तर ज्या रकान्यात तो पडला त्याची शब्दरचना सैल आहे. ती बदला, नव्या तक्त्याने जुने दोन निबंधही पुन्हा तपासा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

७३ म्हणजे परीक्षेत ७३ मिळतील असं समजू नका. हा आकडा फक्त तुमच्याच आधीच्या निबंधांशी ताडायचा. आणि बेरजेपेक्षा सगळ्यात कमकुवत रकाना बघा: पुढचा निबंध तेवढ्याच एका रकान्यासाठी लिहायचा. वरच्या उदाहरणात तो पुराव्यांचा आहे, म्हणून पुढच्या वेळी प्रत्येक उदाहरणानंतर ‘यावरून दिसतं की’ने सुरू होणारं एक वाक्य लिहायचंच.