बीपीपीचा ८/१० स्कोअर आणि एनएसटी : या चुका टाळा

नाशिकमध्ये दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून पाठवलेल्या जोखमीच्या केसेस बघताना फाईलवर 'बीपीपी ८/१०, नॉर्मल' एवढंच लिहिलेलं दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोन गुण गेले कुठे?

श्वासाच्या हालचाली दिसल्या नाहीत म्हणून दोन गुण गेले आणि पाणी भरपूर असेल, तर बाळ बहुधा झोपलेलं आहे. पाण्याचे गेले असतील तर गोष्ट वेगळी. श्वास, हालचाल आणि एनएसटी बाळाची आत्ताची अवस्था सांगतात. पाणी मात्र मागच्या कित्येक दिवसांचं सांगतं. वारेतून पुरवठा कमी पडला की बाळ रक्त मेंदू-हृदयाकडे वळवतं, किडनीला कमी मिळतं, लघवी घटते आणि पाणी आटत जातं.

बीपी वाढलेली, ३५ आठवड्यांची एक बाई आली होती, बाळही वाढीत मागे. बाहेरच्या रिपोर्टमध्ये पाण्याचा कप्पा २.४ सेंमी, स्कोअर १०/१०, 'आठवड्याने या'. मी त्याच कप्प्यावर कलर डॉपलर लावला, तर तो नाळेच्या वेटोळ्यांनी भरलेला! नाळ सोडून मोजलं तेव्हा सगळ्यात खोल कप्पा १.२ सेंमी निघाला. म्हणजे खरा स्कोअर ८, आणि गेलेले दोन्ही गुण पाण्याचे. पाणी गेल्याचा काही इतिहास नव्हता, नाळेच्या डॉपलरमध्ये रेझिस्टन्स वाढलेला. त्याच दिवशी सिझर केलं. बाळ १.८ किलोचं, काही दिवस एनआयसीयूत राहून आईसोबत घरी गेलं. आठवडा थांबलो असतो तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही.

म्हणून माझी सवय: प्रोब जमिनीला काटकोनात, पोटावर न दाबता, कलर लावून, नाळ आणि हातपाय वगळून मोजायचं. उभी खोली २ सेंमीपेक्षा कमी भरली, तर एकूण आकडा कितीही चांगला असो, 'नॉर्मल' लिहायचं नाही.

दुसरी चूक घाईची. नवे रेसिडेंट वीस मिनिटं झाली की एनएसटीची पट्टी फाडतात आणि 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहून मोकळे होतात. ३२ आठवड्यांनंतर १५ ठोक्यांची, १५ सेकंद टिकणारी दोन ॲक्सिलरेशन्स हवीत हे त्यांना पाठ असतं, पण बाळाची झोप चाळीस मिनिटंही चालते हे विसरतात. बेसलाइन ठीक असेल आणि डीसेलरेशन नसतील, तर पट्टी चाळीस मिनिटांपर्यंत चालू ठेवा. तरीही रिॲक्टिव्ह झाली नाही, तर बीपीपी करा, तोही गरज पडली तर पूर्ण तीस मिनिटं. पाच मिनिटांत श्वास दिसला नाही म्हणून शून्य देऊ नका.

आईला उताणं झोपवू नका, डाव्या कुशीला कलती ठेवा. पट्टीवर ८५-९० दिसले तर आधी आईची नाडी हाताने मोजा. आणि बीटामेथासोन दिल्यावर दोन-तीन दिवस बाळाचा श्वास आणि हालचाल मंदावते, तेव्हा स्कोअरशेजारी इंजेक्शनची तारीख-वेळ लिहा.