दर फरक आणि बोनस एकाच खात्यात? दूध संस्थेच्या हिशेबात या चुका टाळा

गावच्या दूध संस्थेत सभासदाला दिवाळीच्या तोंडावर दर फरक आणि बोनस बहुतेक वेळा एकाच पाकिटात मिळतो, म्हणून दप्तरातही दोन्ही रकमा एकाच खात्यावर टाकल्या जातात. लेखापरीक्षणात दूध संस्थांना लागणाऱ्या शेऱ्यांपैकी बरेच या एका सवयीतून येतात. सचिवांनी एवढं एक नीट समजून घेतलं तरी निम्मं दप्तर सुधारेल, असं माझं ठाम मत आहे.

दर फरक हा दुधाच्या किमतीचाच राहिलेला भाग आहे. दहा दिवसांच्या बिलाला संस्था हातचं राखून दर देते, वर्षअखेर दूध संघाकडून फरक येतो आणि तो सभासदाला त्याच्या दुधावर पोहोचवायचा असतो. म्हणजे तो खरेदी खर्च, आणि नफा काढण्याच्या आधी तो वजा झाला पाहिजे. बोनसचं तसं नाही. खर्च आणि दर फरक सगळा जाऊन जो नफा (काही गावांत वाढावा म्हणतात) उरतो, त्याच्या वाटणीत बोनस येतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६५ प्रमाणे ही वाटणी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि कलम ६६ प्रमाणे निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीला द्यावा लागतो.

एका लहान संस्थेचे आकडे धरून बघू. वर्षभरात सभासदांचं दूध १,२०,००० लिटर, सरासरी ३६ रुपयांनी खरेदी ४३,२०,००० रुपये. संघाला आणि गावात मिळून विक्री, कमिशनसह, ४६,२०,०००. संघाकडून आलेला दर फरक १,८०,०००. पगार, वीज, टेस्टिंगचं साहित्य वगैरे खर्च १,८०,०००. संचालक मंडळाने सभासदांना लिटरला दीड रुपया दर फरक द्यायचा ठराव केला, म्हणजे तेही १,८०,०००.

बरोबर मांडणी अशी. एकूण उत्पन्न ४८,००,०००. त्यातून खरेदी, सभासदांचा दर फरक आणि खर्च मिळून ४६,८०,००० गेले, निव्वळ नफा १,२०,०००. त्यातले ३०,००० राखीव निधीला. उरलेल्या ९०,००० मधून १०,००० लाभांश, लिटरला पन्नास पैसे बोनस म्हणजे ६०,०००, बाकी २०,००० पोटनियमांप्रमाणे इतर निधींना.

आता चूक कशी होते ते पाहा. सचिवांनी दर फरक आणि बोनस दोन्ही ‘बोनस खर्च’ म्हणून २,४०,००० नावे टाकले. नफा ६०,००० दिसला, राखीव निधीला १५,००० गेले. निधीत १५,००० रुपयांची तूट पडली आणि सभेच्या मंजुरीआधीच बोनस खर्ची पडला. काही संस्थांत याच्या उलट होतं: दर फरकसुद्धा नफा वाटणीत नेतात. मग नफा ३,००,००० दिसतो, राखीव निधीला ७५,००० जातात, लाभांश काढल्यावर २,१५,००० उरतात. आणि वाटायचे तर आहेत २,४०,०००. हे २५,००० आणायचे कुठून, यावर सभेत वाद सुरू होतो. पैसे कुठे गेले असा संशय येतो. खरं तर एकही रुपया गेलेला नसतो, खाती चुकीच्या ठिकाणी असतात.

खातं जसं वेगळं, तशी तारीखही वेगळी. दर फरकाचा ठराव झाला असेल तर ३१ मार्चलाच नोंद करावी: दूध दर फरक खर्च नावे १,८०,०००, सभासद देय दर फरक जमा १,८०,०००. ताळेबंदात तो देणं म्हणून दिसतो. बोनस मात्र ३१ मार्चच्या ताळेबंदात ‘देय बोनस’ म्हणून दाखवायचा नाही. त्या दिवशी तो फक्त नफा आहे. सभेने वाटणी मंजूर केली की त्या तारखेला, म्हणजे पुढच्या वर्षाच्या किर्दीत, नफा वाटणी नावे आणि देय बोनस जमा.

संघाचा दर फरक उशिरा येतो, तिथे आणखी एक अडचण असते. आर्थिक पत्रकं सही होण्याआधी संघाचं पत्र हातात आलं, तर ती रक्कम ज्या वर्षाच्या दुधाची आहे त्या वर्षात येणं म्हणून धरावी. पत्रकं झाल्यावर आलं, तर मिळाली त्या वर्षात ‘मागील वर्षाचा दर फरक’ असं स्वतंत्र खातं काढून जमा करावी. पण वाटपाची यादी दोन्ही वेळा संघाच्या पत्रातल्या काळातल्या लिटरवरच करायची. चालू वर्षाच्या लिटरवर वाटप केलं, की ज्याने गेल्या वर्षी भरपूर दूध घालून यंदा म्हैस विकली त्याचा हक्क बुडतो. गाय आणि म्हैस दुधाला संघाने वेगळा फरक दिला असेल तर सरासरी काढू नये. सभासदनिहाय दोन रकाने ठेवावेत.

यादी चुकली आहे का, हे ओळखायला एक तपासणी पुरते. यादीतल्या लिटरची बेरीज आणि वर्षभराच्या छत्तीस बिलांतल्या लिटरची बेरीज जुळली पाहिजे. जुळत नसेल तर बहुधा शेवटचं बिल राहिलेलं असतं. २१ ते ३१ मार्चचं बिल एप्रिलमध्ये वाटलं जातं, म्हणून ते किर्दीला एप्रिलमध्येच पडतं. संघाला केलेल्या विक्रीचं त्याच काळाचं बिल मात्र मार्चमध्ये धरलं जातं. वरच्या संस्थेत अकरा दिवसांचं दूध सुमारे ३,६०० लिटर, किंमत १,२९,६००. खरा नफा १,२०,०००, पण हे बिल सुटलं तर पत्रकात तो २,४९,६०० दिसेल. त्यावर बोनस वाटला तर तो नफ्यातून नव्हे, सभासदांच्याच बिलाच्या पैशातून दिला जातो. ताळेबंदाच्या देणी बाजूला ‘देय दूध बिल’ दिसत नसेल, तर प्रथम हेच बघावं.

वाटपानंतर देय बोनस खातं शून्यावर का येत नाही, हा प्रश्नही नेहमी पडतो. समजा ६०,००० पैकी ५२,००० बँकेतून गेले, ५,००० पशुखाद्याच्या बाकीत वळते केले आणि ३,००० कोणी नेले नाहीत. बरेचदा किर्दीला फक्त ५२,००० नावे पडतात आणि खात्यावर ८,००० शिल्लक राहतात. तिकडे पशुखाद्याची वसुली पासबुकात कमी केलेली असते, पण खतावणीत नसते. म्हणून पासबुक आणि खतावणी जुळत नाहीत. वळती रकमेची नोंद रोख नसली तरी करायचीच: देय बोनस नावे ५,०००, पशुखाद्य येणे जमा ५,०००, आणि सोबत सभासदाची सही. मग शिल्लक ३,००० राहते. त्याची नावनिशी यादी ताळेबंदाला जोडावी. दरवर्षीची शिल्लक एकत्र मिसळली की कोणाचे किती हे पुढच्या सचिवाला सांगता येत नाही, म्हणून वर्षनिहाय पोटखाती ठेवावीत.