घरातल्या फायकस बोन्सायला पाणी कधी घालावं?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपण धास्तीने रोज पाणी घालतो, आणि घरातलं फायकस बहुधा त्यानेच दगावतं. वाराचा हिशेब सोडा, माती बघा. लाकडी टूथपिक कुंडीत कडेला दोन सेंटिमीटर खोचून दहा मिनिटांनी काढा. ओलसर, काळपट निघाली तर थांबा. जवळजवळ कोरडी निघाली तर खालच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पंख्याखालची उथळ कुंडी उन्हाळ्यात रोजही पाणी मागेल, थंडीत तीच चार दिवस थांबेल. पानं पिवळी पडून गळताहेत आणि माती ओलीच आहे, तर मुळं कुजू लागली आहेत असं समजा. मात्र नुकतीच जागा बदलली असेल तरी फायकस पानं गाळतं, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका.

फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून शेंडा कापा. पांढरा चीक ओल्या कापडाने टिपा. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका.

वळण देण्यासाठी फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची ॲल्युमिनियमची तार तिरकी गुंडाळा. फांदी थोडी थोडीच वाकवा, करकर ऐकू आली की थांबा. फायकसची फांदी लवकर जाड होते, म्हणून दर आठवड्याला बघा. तार सालीत रुतायला लागली तर उलगडू नका, तुकडे करून काढा.