निबंधाचं रुब्रिक बनवताना या चुका टाळा

नववीच्या मुलांना ‘मी अनुभवलेला पूर’ हा विषय दिला होता. सांगलीत या विषयावर कुणालाही पेन चावत बसावं लागत नाही. २० गुणांचं रुब्रिक मीच केलेलं होतं: आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन, हस्ताक्षर, प्रत्येकी ४ गुण. दिसायला छान, बेरजेला सोपं.

एका मुलाने लिहिलं होतं, ‘पूर म्हणजे निसर्गाचा कोप. नद्यांचे पाणी वाढते आणि जनजीवन विस्कळीत होते.’ अक्षर मोत्यासारखं, चूक एकही नाही. दुसऱ्याने २०१९ चा पूर लिहिला होता. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर गेल्याचं कळताच आजीने टीव्ही सोडून आधी जोंधळ्याची पोती माळ्यावर कशी चढवायला लावली, ते सगळं. अक्षर किडामुंगी, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब.

पहिल्याला मिळाले २, ३, ३, ४, ४, म्हणजे १६. दुसऱ्याला ४, ३, ३, १, १, म्हणजे १२. तपासताना माझा हात अडखळला, पण तक्ता माझाच होता.

इथली पहिली चूक म्हणजे समान वाटप. शुद्धलेखन आणि हस्ताक्षर मिळून ८ गुण, आशयाला त्याच्या निम्मे! हस्ताक्षर मी काढूनच टाकलं; ते निबंधाचं कौशल्य नाही, आणि सुलेखनाची स्पर्धा वेगळी असतेच. उरलेल्या चार निकषांना ० ते ४ असे स्तर ठेवले आणि गुणक लावले: आशयाला २, मांडणीला दीड, भाषेला १, शुद्धलेखनाला अर्धा. कमाल गुण ८, ६, ४ आणि २, बेरीज २०. आता पहिल्या मुलाचे होतात ४, साडेचार, ३ आणि २, म्हणजे साडेतेरा. दुसऱ्याचे ८, साडेचार, ३ आणि अर्धा, म्हणजे १६. वाटप बरोबर आहे का, हे असंच पाहावं: आपल्याला चांगला वाटणारा आणि पोकळ वाटणारा असे दोन जुने निबंध घ्यायचे आणि तक्त्यात घालून बघायचे. क्रम उलटा आला तर मुलांना नव्हे, गुणकांना हात लावायचा.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. स्तरांपुढे आपण ‘उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक’ लिहितो. ही नुसती विशेषणं. उत्तम म्हणजे काय, ते प्रत्येक मास्तरच्या मनात वेगळं. वहीत बोट ठेवून दाखवता येईल असं वाक्य हवं. आशयाचा स्तर २ मी असा लिहिला: ‘मुद्दे विषयाचे आहेत, पण कुठल्याही गावच्या पुराला लागू पडतील असे.’ स्तर ४ साठी आधी ‘किमान तीन मुद्दे, प्रत्येकाला स्वतः पाहिलेला तपशील’ असं घातलं आणि तिथेच फसलो. एका मुलीने फक्त बोटीतल्या अर्ध्या तासावर दोन पानं लिहिली होती, झकास; मोजणीत मात्र मुद्दा एकच. मग ‘तीन’ काढलं आणि ‘मुख्य मुद्दे पाहिलेल्या तपशिलाने उभे राहतात’ असं केलं. मोजणं सोपं असतं म्हणून आपण मोजत सुटतो.

शुद्धलेखनात मात्र मोजावंच लागतं, पण कसं? ‘पूर’ दीर्घ, ‘पुरात’ ऱ्हस्व. आजीवाल्या मुलाने नऊ वेळा ‘पूरात’ लिहिलं होतं. त्या नऊ चुका नाहीत, सामान्यरूपाचा एकच नियम त्याला माहीत नाही. एकाच प्रकारची चूक एकदाच धरायची, आणि तिच्यासाठी भाषेच्या रकान्यात पुन्हा गुण कापायचे नाहीत. भाषेत फक्त शब्दांची निवड आणि वाक्यरचना.

आणखी एक भोक राहतं. पाठ केलेला ‘पावसाळा’ निबंध कुणी इथे उतरवला, तर आशयाला शून्य मिळूनही बाकीचे १२ गुण पदरात पडू शकतात. म्हणून तळाशी एक ओळ: आशय शून्य असेल तर एकूण गुण ५ च्या वर जाणार नाहीत. तक्त्यात सर्वांत खालचा स्तर १ ठेवला तर हा शून्य देताच येत नाही, आणि कोरा कागदही चौथाई गुण घेऊन जातो.

तक्ता वर्गात नेण्याआधी सहा वह्यांच्या झेरॉक्स काढून शेजारच्या तुकडीच्या मॅडमना दिल्या. एकमेकांचे गुण न बघता दोघांनी तपासलं. एका स्तराचा फरक चालतो. मांडणीत मात्र एकाच वहीला त्यांनी १ दिला, मी ३. त्या म्हणाल्या, “सर, समारोप कुठाय?” मी घटनांचा क्रम बघत होतो, त्या प्रस्तावना आणि समारोप शोधत होत्या. माझं वाक्य होतं ‘मांडणी सुसंगत आहे’. दोघंही बरोबर, वाक्य चुकीचं. ते बदलून ‘एका परिच्छेदातून पुढच्यात का गेलो ते कळतं’ असं केलं, आणि त्याच वहीला दोघांनी ३ दिले.