हॉटस्पॉट आपोआप बंद होतो? आधी टायमर बघा

हॉटस्पॉट बंद पडला की लोक ‘फोन रीस्टार्ट करा’, ‘ॲप्सचं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा’ असे सल्ले देतात. त्यांचा इथे उपयोग नाही. हॉटस्पॉट हे ॲप नाही, तो फोनच्या सिस्टीमचा भाग आहे आणि त्याला स्वतःचा वेगळा टायमर असतो.

तो टायमर असण्याला कारण आहे. वाय-फाय वापरणारा लॅपटॉप मधूनमधून आपला रेडिओ झोपवू शकतो. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनला मात्र ‘मी इथे आहे’ हा संकेत सेकंदाला साधारण दहा वेळा पाठवावा लागतो, कुणी जोडलेलं असो वा नसो. त्यात बॅटरी जात राहते. म्हणून कुणीच जोडलेलं नसेल, तर अँड्रॉइड ठरावीक वेळाने, बहुधा दहा मिनिटांनी, हॉटस्पॉट बंद करतं.

आता खरा अवघड भाग: कनेक्शन नेमकं कुणी तोडलं? मला सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. समजा, तुम्ही लॅपटॉपचं झाकण लावून जेवायला गेलात. लॅपटॉप झोपला आणि बहुतेकदा त्याने वाय-फाय सोडलं. फोनच्या दृष्टीने जोडलेली उपकरणं शून्य झाली आणि टायमर सुरू झाला. अर्ध्या तासाने परत आलात तर हॉटस्पॉट गायब. दोष फोनचा वाटतो, पण सुरुवात लॅपटॉपने केलेली असते.

म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी फोनचा वरचा पट्टा बघा. हॉटस्पॉटचं चिन्ह नसेल, तर टायमर. चिन्ह आहे पण लॅपटॉप सुटलाय, तर लॅपटॉपची स्लीप सेटिंग तपासा. दोन्ही जोडलेले आहेत आणि तरी पान उघडत नाही, तर मोबाइल डेटा बघा. हे न बघता सेटिंग बदलत सुटू नका. मग कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

टायमर काढायला हॉटस्पॉटच्या पानावर Turn off hotspot automatically बंद करा. सॅमसंगमध्ये वेळ निवडायची यादी मिळते. टायमर काढलात तर फोन चार्जरवर ठेवा आणि काम झालं की हॉटस्पॉट हाताने बंद करा.

हॉटस्पॉट सुरूच होत नसेल, तर Data Saver बंद करा. अँड्रॉइडमध्ये तो चालू असताना हॉटस्पॉट देता येत नाही. बॅटरी सेव्हरचा परिणाम कंपनीनुसार बदलतो. काही फोनांचे कडक बचतीचे मोड हॉटस्पॉटही बंद करतात, म्हणून शेअरिंगपुरता तो मोड काढून ठेवा.

आयफोनमध्ये टायमर बदलायची सोय नाही. दुसरं उपकरण जोडलं जाईपर्यंत Personal Hotspot चं पान उघडं ठेवा.

तासन्‌तास एकाच लॅपटॉपला नेट द्यायचं असेल, तर मी सरळ केबल लावून यूएसबी टेदरिंग करते. त्यात वाय-फायचा हा टायमर नसतो आणि फोन चार्जही होतो.