फराळाच्या डब्यांची मागणी संदेशाने देताना या चुका टाळा

दिवाळीत नातेवाइकांना द्यायच्या फराळाच्या डब्यांची मागणी आता बहुतेक घरांतून व्हॉट्सअ‍ॅपवरच जाते. हा संदेश दुकानात किमान तीन माणसांच्या हाताखालून जातो: गल्ल्यावरचा माणूस तो वहीत उतरवतो, भटारखान्यातला आचारी त्यातून एकूण माल काढतो आणि सणाच्या धांदलीत डबे भरणारी मुले वहीतली नोंद पाहून डबे भरतात. गल्ल्यावरचा माणूस आपल्याला ओळखतो, त्यामुळे आपले अर्धवट वाक्यही त्याला समजते. डबे भरणाऱ्याला मात्र कागदावर जे आहे तेवढेच कळते. पुढे सांगितलेल्या जवळपास सगळ्या चुका या एका फरकातून होतात, आणि त्यांतल्या तीन मी स्वतः 2025 च्या दिवाळीत केल्या.

माझा संदेश असा होता: ‘फराळाचे 9 डबे हवेत. चिवडा 2 किलो, चकली 2 किलो, शंकरपाळे 2 किलो, लाडू, करंज्या. 3 डबे शुगर फ्री. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नेईन.’ घरात वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांना तो पुरेसा वाटला होता.

पहिली चूक मापाची. मी एकूण माल सांगितला आणि डब्यांची संख्या सांगितली, पण एका डब्यात काय किती जायचे हे सांगितलेच नाही. दोन किलो चिवडा नऊ डब्यांत घालायचा तर प्रत्येक डब्यात साधारण सव्वादोनशे ग्रॅम येतो. असे माप कोणी तोलत बसत नाही. डबे भरणाऱ्याने पहिले सहा डबे पाव-पाव किलोने भरले, त्यात दीड किलो संपला आणि उरलेला अर्धा किलो शेवटच्या तीन डब्यांत वाटला गेला. दोष त्याचा नव्हता. लाडू आणि करंज्या किती, हे तर मी लिहिलेच नव्हते, म्हणून दुकानाने स्वतःच्या ठरावीक डब्याप्रमाणे दोन-दोन घातले.

म्हणून माप नेहमी एका डब्याचे लिहावे आणि एकूण बेरीज त्याखाली पडताळ्यासाठी द्यावी. चिवडा, चकली, शेव, शंकरपाळे हे पदार्थ ग्रॅममध्ये सांगावेत. लाडू, करंज्या, अनारसे हे नगावर सांगावेत, कारण लाडवाचा आकार दुकानागणिक बदलतो आणि ‘पाव किलो लाडू’ म्हटल्यावर कुणाच्या डब्यात पाच तर कुणाच्या डब्यात सहा जातात, आणि नातेवाइकांत त्याची चर्चा होते ती वेगळीच. ‘अर्धा किलोचा डबा’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. तो खोक्याचा आकार असू शकतो किंवा आतल्या मालाचे वजन असू शकते, आणि पाऊण खोके हलक्याफुलक्या चिवड्याने भरले तर आतला माल अर्ध्या किलोच्या बराच खाली राहतो. त्यामुळे वजन लिहिताना ‘खोके सोडून’ हे दोन शब्द जोडावेत. खोक्याचे वजन मिठाईच्या वजनात धरणे वजनमापाच्या कायद्यात बसत नाही, त्यामुळे असे लिहिल्याने कोणावर अविश्वास दाखवल्यासारखेही होत नाही.

दुसरी चूक ‘शुगर फ्री’ या दोन शब्दांची, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण खरा घोटाळा याच जागी होतो. वेष्टनावर ‘शुगर फ्री’ असे छापायचे असेल तर अन्नसुरक्षा नियमांनुसार शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुकानातल्या बोलीत मात्र या शब्दाचे निदान तीन अर्थ होतात. कोणी खजूर-अंजिराची वडी देतो, कारण तिच्यात वरून साखर घातलेली नसते. पण खजुरात स्वतःची साखर भरपूर असते. कोणी गुळाचे पदार्थ देतो, आणि मधुमेही माणसाच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे. कोणी सुक्रालोज किंवा माल्टिटॉलसारखे गोडवा देणारे द्रव्य घालून लाडू वळतो. त्यातही माल्टिटॉलने रक्तातली साखर थोडीफार वाढतेच, आणि असे लाडू जास्त खाल्ले तर पोट बिघडते. शिवाय साखर काढली तरी बेसन, रवा आणि मैदा उरतातच, तेव्हा बिनसाखरेचा डबा म्हणजे हवे तेवढे खाण्याचा परवाना नव्हे.

त्यामुळे ‘शुगर फ्री’ न लिहिता काय नको आणि का नको, ते लिहावे. घरातल्या मधुमेही माणसासाठी ‘साखर, गूळ, मध, खजूर यांपैकी काहीही नको’ हे वाक्य पुरेसे स्पष्ट आहे. गोडवा देणारे द्रव्य चालेल की नाही हे ज्याच्यासाठी डबा आहे त्याला आधी विचारून मगच लिहावे. काहींना त्याची चव रुचत नाही, तर काहींना ते पचत नाही.

आणि यातला सर्वांत मोठा सापळा तिखट पदार्थांत असतो. पोह्यांच्या चिवड्यात चवीला पिठीसाखर घालायची पद्धत आहे. आपण लाडू आणि करंज्या वगळल्या की काम झाले असे समजतो, आणि साखर चिवड्यातून जाते. माझ्या मामांनी डबा उघडून पहिला घास चिवड्याचा घेतला आणि ‘हा गोडसर लागतोय की’ म्हणून डबा बाजूला ठेवला, तेव्हा हे माझ्या ध्यानात आले. बिनसाखरेच्या डब्यासाठी चिवड्यावर पिठीसाखर भुरभुरण्याआधीच हवा तेवढा चिवडा वेगळा काढून ठेवावा लागतो, आणि तो वेगळा काढायचा की नाही हे आचाऱ्याला आदल्या दिवशी कळले तरच जमते. डबे भरायच्या वेळी सांगून उपयोग नाही. शंकरपाळ्यांचेही तसेच, नुसते ‘शंकरपाळे’ म्हटले की गोडच येतात, म्हणून ‘खारे शंकरपाळे’ असे लिहावे लागते.

बिनसाखरेचा डबा बाकीच्या डब्यांसारखाच दिसत असेल तर पुढे घरी गोंधळ होतो. झाकणावर चिकटपट्टीचा कागद लावून त्यावर ‘बिनसाखर’ असे मोठ्या अक्षरांत लिहायला सांगावे, आणि ते झाकणाबरोबर डब्याच्या बाजूवरही लिहायला सांगावे, कारण डबे एकावर एक रचले की झाकण दिसत नाही.

तिसरी चूक दिवसाची. मी ‘लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी’ असे लिहिले. 2025 मध्ये महाराष्ट्रातल्या पंचांगांप्रमाणे लक्ष्मीपूजन मंगळवारी, 21 ऑक्टोबरला होते, तर उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी दिवाळी 20 ऑक्टोबरला झाली. माझ्या मनात सोमवार, 20 तारीख होती. दुकानदाराने 20 ला दिवाळी धरून डबे रविवारी, 19 तारखेला तयार ठेवले. ते दिवसभर गर्दीच्या कोपऱ्यात पडून राहिले आणि खालच्या डब्यांतल्या चकल्यांचे तुकडे झाले. तिथी दोन दिवसांत विभागली जाणे काही नवे नाही, तेव्हा संदेशात तिथी लिहूच नये. वार आणि तारीख दोन्ही लिहावे, म्हणजे एक चुकले तर दुसरे जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. वेळ लिहिताना नुसते ‘सात वाजता’ न लिहिता ‘सकाळी’ किंवा ‘संध्याकाळी’ हे लिहावे. ‘डबे तयार हवेत’ ती वेळ आणि ‘मी नेईन’ ती वेळ यांत निदान तासाभराचे अंतर ठेवावे. नेणारी व्यक्ती दुसरी असेल तर तिचे नावही द्यावे.

या सगळ्यानंतर मी तोच संदेश पुन्हा लिहून पाहिला. तो असा झाला:

‘नमस्कार. फराळाचे एकूण 9 डबे हवे आहेत: 6 साधे, 3 बिनसाखर. वजने खोके सोडून आहेत.
साधा डबा (6): चिवडा 250 ग्रॅम, चकली 200 ग्रॅम, गोड शंकरपाळे 200 ग्रॅम, बेसन लाडू 4 नग, करंजी 4 नग.
बिनसाखर डबा (3): पिठीसाखर न घातलेला चिवडा 250 ग्रॅम, चकली 200 ग्रॅम, खारे शंकरपाळे 200 ग्रॅम, लसूण शेव 200 ग्रॅम. साखर, गूळ, मध, खजूर काहीही नको. डब्याच्या झाकणावर आणि बाजूवर “बिनसाखर” लिहावे.
एकूण: साधा चिवडा दीड किलो, बिनसाखर चिवडा 750 ग्रॅम, चकली 1 किलो 800 ग्रॅम, गोड शंकरपाळे 1 किलो 200 ग्रॅम, खारे शंकरपाळे 600 ग्रॅम, शेव 600 ग्रॅम, लाडू 24, करंज्या 24.
डबे सोमवार, 20 ऑक्टोबर, सकाळी 10 पर्यंत तयार हवेत. मी सकाळी 11 ते 12 च्या दरम्यान स्वतः नेईन.
कृपया एकूण रक्कम आणि आगाऊ किती द्यायची ते कळवावे.’

संदेश लांब वाटतो, पण आचारी फक्त ‘एकूण’ची ओळ पाहतो आणि डबे भरणारा फक्त वरच्या दोन ओळी पाहतो. तिसऱ्या ओळीची बेरीज आणि पहिल्या दोन ओळींचा गुणाकार जुळत नसेल तर दुकानातूनच फोन येतो, आणि तो फोन यायलाच हवा.

उत्तरादाखल नुसते ‘ओके’ किंवा अंगठ्याचे चिन्ह आले तर मागणी नोंदली गेली असे समजू नये; पुष्कळदा त्याचा अर्थ ‘संदेश पाहिला’ एवढाच असतो. रक्कम कळवली गेली किंवा वहीच्या पानाचा फोटो आला, म्हणजे नोंद झाली. त्या फोटोत ‘बिनसाखर’ ऐवजी ‘शुगर फ्री’ असे उतरवलेले दिसले तर लगेच फोन करावा, कारण वहीतून भटारखान्यात जाताना तोच शब्द जाणार आहे.

नंतर एखादा डबा वाढवायचा असेल तर ‘आणखी एक करा’ असे सुटे वाक्य पाठवू नये. पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो, पण तोवर तो वहीत उतरलेला असू शकतो आणि दुरुस्ती दुकानात कोणी पुन्हा वाचत नाही. ‘आधीचा संदेश रद्द’ असे पहिल्याच ओळीत लिहून सगळा मजकूर नव्या आकड्यांसह पुन्हा पाठवावा.

डबे घेताना पैसे चुकते करण्याआधी दोन मिनिटे काढावीत. आधी डबे मोजावेत, मग बिनसाखरेच्या डब्यांवरची चिठ्ठी पाहावी आणि त्यांपैकी एक उघडून चिवड्याची चिमूट तोंडात टाकावी. गोड लागली की तिथेच कळते. दुकानात चिवडा बदलून मिळतो, पण मामांच्या घरून परत आणलेला डबा कोणी घेत नाही.